फोन येण्याआधी टाकी उपसा: छोट्या शहराने मैल्याचं वेळापत्रक कसं बसवायचं

भुयारी गटार नसलेल्या शहरात शौचालयातला मैला घराच्या किंवा सार्वजनिक संडासाच्या खालच्या सेप्टिक टाकीत जातो. टाकीत गेला म्हणजे प्रश्न सुटला असं घरमालकाला वाटतं, आणि ती घरमालकाची खासगी बाब आहे असं नगरपरिषदेला वाटतं. पण महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मधल्या नगरपरिषदेच्या बंधनकारक कर्तव्यांत सार्वजनिक शौचालयं, गटारं आणि घाणीची विल्हेवाट या गोष्टी आहेत. टाकी खासगी असली तरी तिच्यातून उपसलेला मैला ओढ्यात ओतला गेला तर ती बाब सार्वजनिकच ठरते.

हा लेख एकाच कामाबद्दल आहे. शहरातली प्रत्येक सेप्टिक टाकी ठरावीक वर्षांनी, कुणी बोलावलं नाही तरी, उपसायची आणि तो मैला प्रक्रिया केंद्रात पोहोचवायचा. साताऱ्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या दोन नगरपरिषदांनी २०१८ नंतर तीन वर्षांच्या चक्राने हे काम सुरू केलं. उपसा खासगी ठेकेदार करतो आणि पैसे कराच्या उत्पन्नातून दिले जातात. अशी व्यवस्था आपल्या शहरात बसवायची तर मुख्याधिकारी, स्वच्छता निरीक्षक आणि नगरसेवकांनी कोणता हिशेब करायचा, ते एका कल्पित शहराचे आकडे धरून पाहू: लोकसंख्या ४०,०००, मालमत्ता ९,०००. त्यांपैकी ७,५०० मालमत्तांना स्वतःची सेप्टिक टाकी आहे. उरलेल्यांत काही दोन खड्ड्यांची शौचालयं आहेत आणि काही लोक सामुदायिक शौचालय वापरतात. अशी सार्वजनिक आणि सामुदायिक शौचालयं मिळून २० आहेत.

टाकी भरली हे कळत का नाही

सेप्टिक टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. तळाचा गाळ हळूहळू कुजत आटतो, पण पूर्ण आटत नाही, थर वाढतच जातो. गाळाने टाकीचा अर्धा भाग व्यापला की पाण्याला आत थांबायला वेळ मिळत नाही आणि न बसलेला मैला पाण्याबरोबर बाहेर जाऊ लागतो. नियमाप्रमाणे बाहेरचा पाइप शोषखड्ड्यात जायला हवा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा घरासमोरच्या उघड्या गटारात सोडलेला असतो.

म्हणजे टाकी निकामी होते तेव्हा घरात काहीच जाणवत नाही. संडास व्यवस्थित वाहत असतो आणि मैला गटारातून ओढ्याकडे निघालेला असतो. पाणी उलटं येऊन तुंबेपर्यंत घरमालक गाडीवाल्याला फोन करत नाही. तुंबण्याची वेळ दहा-पंधरा वर्षांनीही येते, कारण लोक टाक्या गरजेपेक्षा कितीतरी मोठ्या बांधतात. भारतीय मानक आयएस २४७० प्रमाणे पाच माणसांच्या घराला साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली असलेली टाकी पुरते, म्हणजे सुमारे ११०० लिटरची. प्रत्यक्षात चार-पाच हजार लिटरची टाकी अगदी सामान्य आहे. "आमची टाकी मोठी आहे, पंचवीस वर्षं भरणार नाही" हे अभिमानाने सांगितलं जातं. ती भरत नाही, कारण मैला गटारात जात असतो.

मागणीनुसार उपसा पुरत नाही तो यामुळेच. दोन ते तीन वर्षांनी टाकी उपसावी ही शिफारस केंद्र सरकारच्या नियमपुस्तिकेतही आहे. मोठ्या टाक्यांचा विचार करून तीन वर्षांचं चक्र धरणं व्यवहार्य ठरतं.

पहिली पायरी: टाक्यांची मोजदाद

घरपट्टीच्या यादीवरूनच सर्वेक्षण करा. प्रत्येक टाकी मालमत्ता क्रमांकाला जोडली गेली पाहिजे. पुढे वेळापत्रक, पावती आणि कर या तिन्ही गोष्टी त्याच क्रमांकावर चालतात. वेगळी यादी केली की सहा महिन्यांत दोन याद्यांचा मेळ बसत नाही.

प्रश्न थोडे ठेवा, पण ते जागेवर जाऊन विचारा. टाकी कुठे आहे, अंगणात की खोलीच्या फरशीखाली? झाकण उघडतं का? लांबी, रुंदी, खोली अंदाजे किती? कप्पे एक की दोन? शेवटचा उपसा कधी झाला? बाहेरचा पाइप कुठे जातो? गाडी दारापासून किती अंतरावर उभी राहू शकते? शेवटचा प्रश्न सगळे विसरतात आणि नंतर त्यावरच काम अडतं. मैला गाडीची नळी साधारण ३० मीटरपर्यंत पोहोचते. त्यापलीकडच्या घरांची वेगळी यादी आधीच हवी.

दोन खड्ड्यांची शौचालयं या यादीतून बाजूला काढा. तिथे एक खड्डा भरला की दुसरा सुरू करून पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा असतो आणि मग कोरडं खत काढायचं असतं. त्यात सक्शनची नळी घालून ओला मैला ओढला तर त्या रचनेचा उपयोगच संपतो.

शंभर-दीडशे टाक्यांत गाळाची उंचीही मोजा. लांब काठीला खालच्या दीड मीटरवर पांढरं टॉवेलचं कापड गुंडाळून बांधायचं, काठी तळापर्यंत सरळ नेऊन काही मिनिटं धरायची आणि सावकाश बाहेर काढायची. कापडावर काळा डाग जितका वर, तितका गाळ. त्यावरून दाट पाण्याची उंचीही कळते. या नमुन्यावरून आपल्या शहराला तीन वर्षं योग्य आहेत की चार, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवता येतं. काठी धरणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि झाकण उघडल्यावर लगेच तोंड खाली घालून पाहू नये. आतल्या वायूंबद्दल पुढे येईल.

दुसरी पायरी: रोज किती टाक्या

७,५०० टाक्या, तीन वर्षांचं चक्र, म्हणजे वर्षाला २,५००. मुसळधार पावसाचे दिवस, सण आणि गाडी दुरुस्तीचे दिवस वजा करून वर्षाला कामाचे २८० दिवस धरले तर दिवसाला नऊ टाक्या होतात. एका टाकीतून सरासरी ४ घनमीटर, म्हणजे ४,००० लिटर उपसा धरला तर वर्षाला १०,००० घनमीटर आणि दिवसाला जवळपास ३६ घनमीटर.

यात सार्वजनिक शौचालयं मिळवा. तिथे तीन वर्षं थांबता येत नाही. बसस्थानकाजवळच्या दहा सीटच्या संडासाला रोज कित्येकशे माणसं येतात, त्यामुळे वर्षातून दोनदा उपसा धरावा. प्रत्येक वेळी ८ घनमीटर धरले तर २० शौचालयांचे ३२० घनमीटर होतात, म्हणजे दिवसाला जेमतेम एक. एकूण बेरीज ३७ घनमीटर. प्रमाणाने हा वाटा नगण्य दिसतो, पण या मैल्याचा स्वभाव वेगळा आहे. घरच्या टाकीतला गाळ तीन वर्षं कुजलेला असतो, त्यातलं पाणी सहज निथळतं. सार्वजनिक शौचालयाचा मैला ताजा, चिकट आणि घाणेरड्या वासाचा असतो, त्यातलं पाणी लवकर सुटत नाही. त्यात गुटख्याच्या पुड्या, सॅनिटरी पॅड, चिंध्या हमखास सापडतात. तो एकटाच प्रक्रिया केंद्रातल्या वाळवणीच्या वाफ्यावर ओतला तर वाफा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. त्यामुळे ज्या दिवशी सार्वजनिक शौचालयाची खेप असेल त्या दिवशी घरच्या टाक्यांच्या किमान दोन-तीन खेपांबरोबरच ती त्याच वाफ्यात मिसळायची. हे वेळापत्रकातच लिहून ठेवा, चालकाच्या लक्षात राहील या भरवशावर सोडू नका.

आता गाड्या. टाकी शोधणं, झाकण उघडणं, उपसा, केंद्रापर्यंतचा प्रवास आणि रिकामं करणं मिळून एका खेपेला दीड ते दोन तास लागतात, म्हणजे दिवसाला चार खेपा. नऊपैकी सात घरं रुंद रस्त्यावर आणि दोन बोळात असली, तर ५,००० लिटरच्या दोन गाड्या आठ खेपा करून सात घरं आरामात उरकतात. बोळातल्या दोन टाक्यांना २,००० लिटरची छोटी गाडी प्रत्येकी दोन खेपा करते. एकूण तीन गाड्या झाल्या. एखादी बंद पडली तर दुसऱ्या दिवशी जादा खेप मारून भरून निघेल एवढीच ढील यात आहे, म्हणून निविदेत पर्यायी गाडी किती तासांत आणायची याची अट घाला.

तिसरी पायरी: टाकीत माणूस उतरणार नाही

हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा सेप्टिक टाकी आणि गटाराची धोकादायक सफाई कोणाकडूनही करून घ्यायला मनाई करतो. मनाई नगरपरिषदेलाही आहे आणि ठेकेदारामार्फत काम करून घेतलं तरी सुटका नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गटार आणि टाकीतल्या मृत्यूंसाठी नुकसानभरपाई ३० लाख रुपये करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. "आता वास कमी झाला" असं वाटतं तोच सगळ्यात घातक क्षण असतो. एक माणूस आत कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. बातम्यांमध्ये एकाच टाकीत दोन-तीन जण दगावल्याचं वाचायला मिळतं ते यामुळे. मिथेन पेट घेतो, म्हणून झाकणाजवळ बिडी-काडी नाही आणि दिवाही लावायचा नाही. झाकण उघडून काही वेळ थांबायचं आणि मगच नळी सोडायची.

माणूस उतरवण्याची वेळ येते ती तळाचा गाळ दगडासारखा घट्ट झाल्यामुळे. बरेच चालक वरचं पाणी ओढतात, गाडी भरते, पावती फाडतात आणि निघतात. गाळ तसाच राहतो. हे टाळायचं तर गाडीतलं थोडं पाणी दाबाने परत टाकीत सोडून गाळ ढवळायचा किंवा वरूनच लांब दांडीने हलवायचा आणि मग ओढायचा. दोन कप्पे असतील तर पहिला कप्पा आधी, कारण गाळाचा मोठा भाग तिथेच असतो. उपसा झाल्यावर तीच कापडाची काठी पुन्हा लावा. वीतभराच्या आत गाळ राहिला तर काम झालं. टाकी घासून धुवायची गरज नाही. पावसाळ्यात भूजल वर असेल तिथे प्लास्टिकची टाकी पूर्ण रिकामी सोडू नका, ती खालून उचलली जाते किंवा चेपते. उपसल्यावर लगेच पाणी भरायला सांगा.

चौथी पायरी: खेप केंद्रात पोहोचलीच, हे कसं कळतं

गाडी भरली की चालकापुढे दोन वाटा असतात. केंद्र सात किलोमीटरवर असतं आणि ओढा दोन. ओढ्याकडे वळण्याचा मोह कसा कमी होईल हे ठेक्यात पैसे कशाचे मिळतात यावर ठरतं.

खेपेमागे पैसे दिले तर ठेकेदार एका टाकीला दोन खेपा दाखवतो, नाहीतर पाणी भरून आणतो. लिटरमागे दिले तर तेच, अधिक हुशारीने. वाई-सिन्नरने निवडलेली पद्धत मला त्यामुळेच जास्त पटते. तिथे ठेकेदाराला ठरलेल्या टाक्यांचं उद्दिष्ट असतं, ठरावीक काळाने ठरलेली रक्कम मिळते आणि उद्दिष्ट गाठलं नाही तर ती कमी होते. शिवाय पैसे वेगळ्या राखीव खात्यातून जातात, त्यामुळे बिल लेखा विभागात सहा महिने पडून राहण्याची भीती ठेकेदाराला कमी असते. छोट्या नगरपरिषदेत चांगला ठेकेदार निविदा का भरत नाही याचं उत्तर बहुतेकदा याच भीतीत असतं.

पावती तीन प्रतींची ठेवा. एक घरमालकाची, एक चालकाची, एक केंद्राच्या फाटकावर. तिच्यावर मालमत्ता क्रमांक, वेळ, अंदाजे लिटर आणि घरमालकाची सही. गाडीला जीपीएस लावा, पण त्यावर सगळा भरवसा ठेवू नका. गाडी केंद्रात आली हे त्यावर दिसतं, ती भरलेली होती की रिकामी हे दिसत नाही. फाटकावरच्या माणसाने टाकीची काच किंवा मापपट्टी पाहून लिटर स्वतः लिहायचे. महिनाअखेरीला तीन संख्या शेजारी मांडायच्या: घरमालकांच्या पावत्यांवर उपसलेल्या टाक्या, केंद्रात आलेल्या खेपा, केंद्रात आलेले लिटर. आपल्या शहरात महिन्याला दोनशेच्या वर टाक्या आणि साडेआठ लाख लिटरच्या आसपास मैला यायला हवा. टाक्या दोनशे आणि लिटर चार लाख असतील तर निम्मा मैला वाटेत कुठेतरी गेला, किंवा टाक्या अर्ध्याच उपसल्या गेल्या. कोणती शक्यता खरी आहे ते काठीने दहा घरं तपासून एका सकाळीत कळतं.

शेतकरी स्वतःहून "आमच्या शेतात सोडा" म्हणतात तेव्हा चालकाला ती सेवाच वाटते. ओल्या मैल्यातली जंतांची अंडी मातीत महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पालेभाजीवरून पोटात जातात. ठेक्यात ही बंदी स्पष्ट लिहा, आणि त्या शेतकऱ्यांना पुढे प्रक्रिया झालेलं खत प्राधान्याने द्या.

पाचवी पायरी: केंद्र, आणि एका वाफ्याचं गणित

मैला प्रक्रियेच्या पद्धती अनेक आहेत. छोट्या शहराला, जागा मिळत असेल तर, वाळवणीचे वाफे सगळ्यात सोपे पडतात. विजेवर फारसं काही चालत नाही, त्यामुळे बिघडतंही कमी.

वाफा म्हणजे तळाला पाइप, त्यावर जाड खडी, मग बारीक खडी आणि वर १०-१५ सेंटिमीटर वाळू. गाडी आधी जाळीवर रिकामी होते, तिथे पुड्या आणि चिंध्या अडतात. मग मैला वाफ्यावर २५ सेंटिमीटर जाडीचा पसरतो. पाणी वाळूतून खाली निथळतं, उरलेलं उन्हाने उडतं आणि कोरड्या दिवसांत साधारण बारा दिवसांनी फावड्याने उचलता येईल असा, भेगा पडलेला थर राहतो.

रोज ३७ घनमीटर मैला २५ सेंटिमीटर जाडीने पसरायला सुमारे १५० चौरस मीटर लागतात. म्हणजे रोज एक वाफा भरायचा. वाळायला बारा दिवस, उपसायला आणि नव्याने तयार करायला दोन दिवस, असे एका फेरीला चौदा दिवस, म्हणून चौदा वाफे आणि २,१०० चौरस मीटर. हे बरोबर आहे का ते दुसऱ्या बाजूने तपासता येतं. मैल्यात घनपदार्थ घनमीटरमागे साधारण २० किलो धरले तर वर्षाला सुमारे २ लाख ७ हजार किलो येतात. चौरस मीटरमागे वर्षाला १०० किलोच्या आत. अशा वाफ्यांसाठी १०० ते २०० किलो ही रूढ मर्यादा आहे, म्हणजे थोडी सावध बाजूच आहे. आपल्या पावसाकडे पाहता ती ढील लागतेच. निथळलेल्या पाण्याची प्रक्रिया, वाळलेल्या मैल्याची साठवण आणि गाडी फिरायला रस्ता धरून एक एकर जागा शोधा.

पावसाळ्यात उघडे वाफे वाळत नाहीत. त्यामुळे निदान निम्म्या वाफ्यांवर पारदर्शक छप्पर असू द्या, पण बाजू मोकळ्या ठेवा. चारी बाजूंनी बंद केलं तर आतली वाफ बाहेर जात नाही आणि छप्पर असूनही मैला ओलाच राहतो. वेळापत्रकाचा फायदा इथेही होतो. मागणीवर चालणाऱ्या शहरात पावसाळ्यात, टाक्यांत भूजल शिरल्यावर, एकदम फोन येतात आणि नेमके तेव्हाच वाफे ओले असतात. आपल्या हातात वेळापत्रक असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये रोज पाच टाक्या आणि उन्हाळ्यात बारा असं वाटून घेता येतं.

वाफा बिघडतोय हे कसं ओळखायचं? मैला टाकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वर पाणी उभं असेल तर वाळू चोंदली आहे किंवा ताजा मैला जास्त झाला आहे. दर उपशात थोडी वाळू मैल्याबरोबर जाते. थर अर्ध्यावर आला की नवी धुतलेली वाळू घालावी लागते. हा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर दोन वर्षांत वाफे खडीवर येतात आणि मग केंद्र "बंद आहे" असं कळतं.

निथळलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण ते घातक असतं. ते कप्प्याकप्प्यांच्या बंद टाकीतून आणि मग कर्दळीसारखी झाडं लावलेल्या खडीच्या थरातून जाऊ द्या. शेवटी ते झाडांना वापरता येतं, पण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना नाही.

वाळलेला थर लगेच शेतात देऊ नका. वाफ्यावर बारा दिवसांत पाणी जातं, जंतांची अंडी मरत नाहीत. आपल्या हवामानात छपराखाली वर्षभराहून जास्त साठवला, किंवा ओल्या कचऱ्याबरोबर खत केलं आणि ढिगाचं तापमान काही दिवस ५५ अंशांच्या वर राहिलं, तरच तो सुरक्षित होतो. थर्मामीटरची लांब सळई ढिगात खुपसून रोज आकडा लिहिणं ही या केंद्रातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळली जाणारी नोंद आहे.

सांडपाणी केंद्र आधीच असेल तर

"आपल्याकडे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तिथेच मैला ओतू" हा सल्ला सोपा वाटतो. हिशेब करून पाहा. ४०,००० माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे दिवसाला ४३ लाख लिटर. त्यापुढे ३७ हजार लिटर मैला म्हणजे एक टक्काही नाही. पण घाण लिटरमध्ये मोजून चालत नाही. पाण्यातली घाण मोजणारा सीओडी हा आकडा शहरी सांडपाण्यात लिटरमागे साधारण ५०० मिलिग्रॅम असतो आणि टाकीच्या मैल्यात सहज २०,००० असू शकतो. त्या मापाने ३७ हजार लिटर मैला म्हणजे जवळपास १५ लाख लिटर सांडपाण्याइतकी घाण, पूर्ण शहराच्या एक तृतीयांश. ती दुपारी दोन गाड्यांनी एकदम ओतली तर केंद्रातले जिवाणू दमतात आणि पुढचे काही दिवस बाहेर पडणारं पाणी काळपट येतं.

केंद्र क्षमतेपेक्षा बरंच कमी चालत असेल तरच हा मार्ग घ्या. तेव्हाही मैला आधी जाळीतून गाळून वेगळ्या टाकीत साठवावा, घन भाग शक्य तेवढा वेगळा करावा आणि वरचं पाणी दिवसभरात थोडं थोडं सोडावं.

उलट बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. मैला केंद्राने गटारं स्वच्छ होत नाहीत. स्वयंपाकघराचं आणि न्हाणीचं पाणी, टाकीतून बाहेर पडलेलं पाणी, हे ४३ लाख लिटर उघड्या गटारातूनच वाहत राहतं. त्यासाठी मुख्य नाले नदीआधी अडवून ते पाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवावं लागतं. तो वेगळा आणि मोठ्या खर्चाचा प्रकल्प आहे. पण टाक्या वेळेवर उपसलेल्या असतील तर नाल्याच्या पाण्यातला घट्ट मैला कमी होतो आणि ते केंद्र लवकर गाळाने भरत नाही. निधी एकाच कामापुरता असेल तर मी आधी उपशाचं वेळापत्रक निवडेन.

पैसे कुठून

हिशेब समजावा म्हणून काही दर धरू. एका टाकीच्या उपशाला १,५०० रुपये धरले तर २,५०० टाक्यांचे साडेसदतीस लाख. सार्वजनिक शौचालयांच्या ८० खेपांचे सव्वा लाखाच्या आसपास. केंद्र चालवण्याचे पगार, वाळू आणि तपासण्या मिळून १६ लाख. एकूण सुमारे ५५ लाख. नऊ हजार मालमत्तांवर समान वाटले तर वर्षाला ६१० रुपये. पण घरपट्टीची वसुली ८० टक्के असेल तर प्रत्यक्ष पैसे ७,२०० मालमत्तांकडूनच येणार. तेव्हा दर ७६५ च्या आसपास ठेवावा लागतो. समान दराऐवजी दुकानं, लॉज आणि मंगल कार्यालयांना जास्त आणि लहान घरांना कमी ठेवणं न्याय्य आहे.

घरमालकाकडून टाकीपाशी पैसे मात्र घेऊ नका. दारात गाडी आली आणि वर पैसे मागितले की "आमची अजून भरली नाही" हे उत्तर ठरलेलं. कर आधीच भरलेला असेल तर तोच माणूस "आमच्याकडे कधी येणार?" म्हणून विचारायला येतो. सार्वजनिक शौचालयाचा उपसा शौचालय चालवणाऱ्या संस्थेवर सोडू नका. वापराच्या पैशातून ती दिवा आणि साबणाचा खर्च भागवते, उपशाचे पैसे वाचवायला पाइप गटाराला जोडते.

दारात नकार मिळाला तर

सात दिवस आधी चिठ्ठी द्या आणि आदल्या दिवशी वॉर्डाच्या मुकादमाला पाठवा. नकाराचं खरं कारण बहुतेकदा फरशी असतं. टाकी स्वयंपाकघराच्या किंवा जिन्याच्या खाली गेलेली असते आणि झाकण सिमेंटने बंद. फरशी फोडून तिथे उचलता येणारं झाकण बसवण्याचा खर्च पहिल्या फेरीत नगरपरिषदेने उचलला तर नकार बरेच कमी होतात. ते न करता नोटिसा काढल्या तर नुसती नोटिसांची फाइल जाड होते.

नव्या घरांसाठी हा प्रश्न बांधकाम विभागानेच संपवावा. परवानगीच्या नकाशात टाकीची जागा, दोन कप्पे, उघडता येणारी झाकणं आणि शोषखड्डा दाखवलेला असावा, आणि भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी टाकीवर स्लॅब पडण्याआधीचा फोटो मागावा. सार्वजनिक शौचालयाच्या नव्या कामातही तेच: टाकी गाडी पोहोचेल अशा बाजूला. गल्लीच्या टोकाला मागच्या भिंतीशी बांधलेली टाकी पुढची वीस वर्षं त्रास देते.

पहिली तीन वर्षं संपली की प्रत्येक टाकीच्या पावतीवर गाळाची उंची नोंदलेली असेल. त्यावरून दुसरं चक्र बदला. दोन माणसांच्या घरातली मोठी टाकी पाच वर्षांवर जाऊ शकते, चाळ आणि वसतिगृह दरवर्षी यायला लागतील. त्याच पावत्यांवरून ज्या घरांत पहिल्या फेरीत गाडी पोहोचू शकली नाही त्यांची यादी वेगळी काढा आणि दुसऱ्या फेरीची सुरुवात त्या बोळांपासून करा.